उच्चीचा गुरू कर्जात टाकतो आणि शत्रुराशीचा शनी बाग लावून देतो, हे कसं?

शिकाऊ, मोर्शी तालुका
दोन महिन्यांपासून पत्रिका वाचायला शिकतोय. सरावाला बाबांचीच घेतली. जन्म १९७९, तूळ लग्न, लग्नातच चंद्र. दशमात कर्केचा गुरू, म्हणजे उच्चीचा. लाभात सिंहेचा शनी, म्हणजे शत्रुराशीत, सोबत राहू. रवी वृषभेत, अष्टमात. पुस्तकाप्रमाणे गुरू उत्तम, शनी खराब. पण १९९१ ते २००७ गुरूची महादशा होती आणि तिच्यातच कर्ज झालं, दोन एकर वावर विकावं लागलं. शनी लागल्यावर विहीर झाली, संत्र्याची बाग उभी राहिली. आणखी घोळ म्हणजे छापील पत्रिकेत एका तक्त्यात शनी 'शत्रू' लिहिलाय, पुढच्या पानावर 'सम'. चूक माझी का पत्रिकेची?

पऱ्हाटी
भाऊ, जन्मवेळ चुकली असन. उच्चीचा गुरू माणसाले कर्जात टाकत नाई. खेड्यात तेव्हा घड्याळ कोण पाहत होतं? गायी घरी यायच्या वेळेले जन्मला म्हणून लिहून टाकायचे. आधी वेळ नीट करा, मग फळाचं बोला.

शिकाऊ
आजी म्हणते दुपारी साडेचार, आणि ती ठाम आहे. लग्न तुळेचे ९ अंश येते.

पंचांगी
मग वेळेचा प्रश्न बाजूला ठेवू. एक लग्न साधारण दोन तास चालतं. ९ अंशांवर लग्न असेल, तर वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तरी तूळच राहतं. अंशांवर बेतलेलं काही बघायचं असतं तर मी वेळेसाठी अडून बसलो असतो, इथे गरज नाही.

उच्च म्हणजे ग्रह बलवान. तो चांगलं करील का वाईट, हे त्या शब्दात नाही. जोरदार पाऊस उभ्या पऱ्हाटीला मिळाला तर सोनं, वेचणीला आलेल्या कापसावर पडला तर नुकसान. पाऊस तोच. आता बघा, तूळ लग्नाला गुरूकडे कोणती घरं आली? धनू हे तिसरं आणि मीन हे सहावं. तिसऱ्यावरून धाकटा भाऊ आणि स्वतःची धडपड बघतात, सहाव्यावरून कर्ज, तंटा, दुखणं. या दोन घरांचा मालक उच्चीचा होऊन दशमात, म्हणजे चारचौघांत दिसणाऱ्या जागेवर बसला. त्याने आपल्या घरांचा माल जोरात आणून दिला.

म्हणून एक विचारतो. ते कर्ज बाबांनी स्वतःसाठी काढलं होतं का? आणि त्याच वर्षांत गावात त्यांचा मान वाढला होता का?

शिकाऊ
कर्ज धाकट्या काकांचं. बाबा पतसंस्थेत जामीन राहिले होते. काका शहरात निघून गेले आणि वसुली आमच्या दारात आली. मला आठवतं, जीप आली तेव्हा आई ओट्यावर तूर पाखडत होती. सूप तसंच हातात धरून ती उठून आत गेली. मान म्हणाल तर हो, तेव्हाच बाबा सोसायटीवर निवडून आले होते. लोक घरी सल्ला विचारायला यायचे. म्हणून तर पतसंस्थेने त्यांची सही चालवून घेतली.

पंचांगी
धाकटा भाऊ, कर्ज आणि गावातली पत, तिन्ही एकाच सहीत आले. गुरू खोटा ठरला नाही, पूर्ण ताकदीने बोलला. गुरूचे अंश किती आहेत?

शिकाऊ
१२ च्या आसपास. पण परमोच्च ५ अंशांवर ना? म्हणजे पुढे गेला, मग उच्चपण संपत नाही का?

पंचांगी
नवीन माणसाची ही नेहमीची चूक. ५ अंश हे शिखर आहे, तिथे कुंपण नाही. कर्केत गुरू ३० अंश उच्चीचाच. उच्चबल काढताना नीच बिंदूपासूनचं अंतर घेऊन ३ ने भागतात, जास्तीत जास्त ६० येतं. गुरूचा नीच बिंदू मकरेचे ५ अंश. तिथपासून हा गुरू १७३ अंशांवर आहे, म्हणजे बल ५७ च्या वर. शिखरापासून ७ अंश सरकून त्याने जेमतेम सव्वादोन गमावले.

मोर्णाकाठ
माझ्या मुलीचा शुक्र कन्येत आहे. कन्येचा स्वामी बुध, तो शुक्राचा मित्र, मग मित्रराशीचा शुक्र चांगला ना? पण परवा स्थळ आलं, त्यांनी पत्रिका बघून शुक्र नीच म्हणून नकार कळवला. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. यावर काही उपाय असेल तर सांगा.

पंचांगी
ताई, उपायाचं मी इथे सांगत नाही. तुमच्या प्रश्नात मात्र या धाग्याच्या उपयोगाची गोष्ट आहे. उच्च-नीच आधी बघायचं, मग स्वराशी, आणि मैत्री शेवटी, या दोन्हींपैकी काहीच नसेल तेव्हा. कन्या मित्राचीच रास, तरी शुक्राची नीच रास तीच. तिथे मैत्री विचारात येत नाही. पण नीच म्हणजे अशक्त, वाईट नव्हे. बुध स्वतः भक्कम असेल तर त्या शुक्राला आधार मिळतो. लग्न कोणतं, शुक्राकडे घरं कोणती, हे न बघता एका शब्दावर मुलगी नाकारणं मला पटत नाही. त्यांनी घाई केली.

काटोलकर
गुरूचं पटलं. शनीचं काय? रवी आणि शनी, बाप-लेक असून हाडवैरी. सिंहेचा शनी शत्रुराशीतच. दुसऱ्या तक्त्यातलं 'सम' ही पुढची आकडेमोड आहे, मी तीस वर्षांत कधी पाहिली नाही. आणि मैत्री दोन्ही बाजूंनी असते, एकतर्फी मैत्री कसली?

पंचांगी
रवी-शनीपुरतं वैर दोन्हीकडून आहे, मान्य. पण सगळीकडे तसं नाही. चंद्र बुधाला मित्र मानतो आणि बुध चंद्राला शत्रू. म्हणून मिथुनेतला चंद्र मित्राघरी असतो, कर्केतला बुध शत्रूच्या घरी. पाहुण्याला घरधनी कसा वाटतो, ते बघायचं.

आता शिकाऊच्या दोन तक्त्यांचं. पहिला तक्ता नैसर्गिक मैत्रीचा, तो प्रत्येक पत्रिकेत सारखाच. दुसऱ्यात तात्कालिक मैत्री मिळवलेली असते, ती त्या जन्मापुरती. शनी जिथे बसलाय तिथून मोजायचं, ती रास पहिली धरून. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या राशीतले ग्रह तेवढ्यापुरते मित्र, बाकीचे शत्रू. सिंहेपासून वृषभ किती? सिंह, कन्या, तूळ असं मोजत गेलात की दहावी येते. म्हणजे या पत्रिकेत रवी शनीचा तात्कालिक मित्र. मुळातला शत्रू आणि इथला मित्र, दोन्ही मिळून सम. रवी मकरेत असता तर तो सहावा आला असता आणि हाच शनी अधिशत्रूच्या घरी गेला असता. दोन्ही तक्ते बरोबर आहेत, वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

आणि घरं विसरू नका. तूळ लग्नाला शनीकडे चौथं आणि पाचवं, केंद्र आणि त्रिकोण दोन्ही एकट्याकडे. चौथं म्हणजे जमीन, विहीर, घर. असा शनी लाभात बसलाय.

काटोलकर
बुध-चंद्राचं खरं, माझ्या लक्षात ते वेगळं होतं. पण शत्रुराशीची चव जात नाही हे माझं म्हणणं कायम. शिकाऊ, विहिरीला पहिल्या झटक्यात पाणी लागलं का?

शिकाऊ
नाही. पहिली चाळीस फुटांवर कोरडी गेली. तीन महिन्यांची मजुरी बुडाली. दुसरी खालच्या अंगाला, नाल्याजवळ खणली, तिला लागलं. संत्र्याची कलमं २००८ मध्ये लावली, पाच वर्षं नुसती पोसली, मग पहिला बहार धरला. एक साल अंबियाची फळगळ इतकी झाली की बाबा बागेत जाईनात.

काटोलकर
हेच. दिलं, पण रगडून दिलं. तक्त्यातलं सम वगैरे ठीक, वैऱ्याच्या घरचं जेवण ते.

पंचांगी
रगडणं शनीचा स्वभावच, तो तुळेत उच्चीचा असला तरी कष्ट घेतोच. शिवाय इथे राहू सोबत आहे, आणि घरधनी रवी अष्टमात पडलाय. कोरडी विहीर मी त्या रवीकडे लावीन, शत्रुत्वाकडे नाही. आपलं दोघांचं यावर जमणार नाही असं दिसतं.

रोखठोक, वर्धा
संत्र्याला फळ धरायला सगळ्यांकडेच पाच वर्षं लागतात, शनी कुठेही असो. झालेल्या गोष्टी घेऊन बसलं की प्रत्येकाला ग्रह सापडतो. एकाने विहीर रवीला लावली, दुसऱ्याने शत्रुराशीला. उलटं झालं असतं तरी तुम्ही समजावून सांगितलं असतं. आधी लिहून दाखवा, मग मी वाचेन.

पऱ्हाटी
ह्याचं म्हननं मले पटलं. शिकाऊभाऊ, शनीनंतर बुध लागते न? बाबाचा बुध कुठी हाय?

शिकाऊ
मिथुनेत, नवमात. २०२६ मध्ये लागतो.

पऱ्हाटी
मंग काय, स्वराशीचा, भाग्यातला! सोनं व्हते पाहा.

पंचांगी
गुरूच्या वेळी तुम्ही हेच म्हणाला होता, पऱ्हाटी. तुळेला बुधाकडे नववं आहे तसं बारावंही आहे. बलवान आहे म्हणजे दोन्ही जोरात. भाग्याच्या कामाला मोठा खर्च, दूरचा प्रवास, घरापासून लांब राहणं, या दिशेने मी बघीन. शिकाऊ, रोखठोक म्हणतात तसं करा. वहीत आजची तारीख घाला, माझं, पऱ्हाटीचं आणि काटोलकरांचं म्हणणं वेगवेगळं लिहा. काय झालं तर आपण चुकलो म्हणायचं, तेही आत्ताच लिहा.

काटोलकर
माझं लिहा, नफा आधी, खर्च नंतर. बुध स्वराशीत आहे, उच्चीत नाही, त्यामुळे गाजावाजा होणार नाही.

शिकाऊ
लिहिलं. बाबांना विचारलं, ते म्हणाले खर्चाचं मला आजच सांगता येतं, धाकटीचं नर्सिंगचं शिक्षण नागपूरला आहे. मग हे पंचांगींच्या बाजूने धरायचं का आधीच माहीत होतं म्हणून सोडून द्यायचं?

रोखठोक, वर्धा
सोडून द्यायचं.

पंचांगी
सोडा. जे आज कुणालाच माहीत नाही तेवढंच ठेवा.