३ मार्चचं ग्रहण आणि आपल्या मंदिराचा फळा

प्रेषक: सुनीता
नमस्कार मंडळी. येत्या मंगळवारी चंद्रग्रहण आहे. आपली सकाळची पूजा साडेसातला असते आणि सायंआरती सातला. शेजारच्या देवळाने सूतक सकाळी ६.२० पासून लिहिलंय, माझ्या मोबाइलवर साडेनऊ दाखवतंय. फळ्यावर काय लिहू?

प्रेषक: विलास
सोपं आहे, ताई. चंद्रग्रहणाला नऊ तास आधी. ग्रहण लागतं दुपारी ३.२० ला, म्हणून ६.२०. मोबाइल चुकतोय.

प्रेषक: अनंत
विलास, नऊ तास म्हणजे तीन प्रहर, तिथपर्यंत ठीक. पण ३.२० ला चंद्र इंदूरच्या क्षितिजाखाली असेल. तो उगवेल साडेसहाच्या सुमारास, तोही ग्रासलेलाच. मोबाइल त्या उदयापासून मागे मोजतो म्हणून साडेनऊ येतात. वजाबाकी दोघांचीही बरोबर आहे. मात्र ग्रस्तोदित चंद्रग्रहणाला नियमच वेगळा: त्या दिवशी दिवसा जेवायचं नाही, म्हणजे वेध सूर्योदयापासून. आपला सूर्योदय पावणेसातच्या आसपास. ६.२० त्याच्या जवळ आलं हा निव्वळ योगायोग.

तेव्हा पूजा आणि नैवेद्य सहापर्यंत उरका. मोक्ष ६.४७ ला, त्यामुळे पर्वकाळ जेमतेम सोळा मिनिटांचा. जपाला बसायचं ते तेवढ्यातच. मोक्षाची वेळ सगळीकडे एकच असते, चंद्रोदय मात्र गावागणिक बदलतो. ग्वाल्हेरला जवळपास अर्धा तास मिळेल, बडोद्याला पाचेक मिनिटं. तिकडच्या नातेवाइकांना आपला फळा पाठवू नका. मोक्षानंतर स्नान, गाभारा धुणं, अभिषेक. आरती पावणेआठच्या आत होणार नाही.

आणि सुनीता, 'वेध' लिही. आपल्यात सुतक म्हटलं की कोण गेलं ते विचारतात.

प्रेषक: शुभांगी
काका, माझी लेक टोरांटोला आहे. तिनेही पावणेसातपासून काही खायचं नाही का? तिचे पावणेसात की आपले? आणि १२ ऑगस्टला सूर्यग्रहण आहे म्हणे, तेव्हा सत्यनारायण ठरवलाय.

प्रेषक: अनंत
दोन्ही नाहीत. तिला ते पहाटे ४.५० च्या सुमारास लागलेलं दिसेल आणि चंद्र ग्रासलेलाच मावळेल. तिने तिथल्या वेळांचं पंचांग बघावं. १२ ऑगस्टचं ग्रहण स्पेन, आइसलँडकडे दिसेल, भारतातून नाही. दिसत नाही त्याचे वेध नाहीत. सत्यनारायण खुशाल करा.

प्रेषक: विलास
मान्य. पण दिवसभर दरवाजा बंदच ठेवू ना? सगळीकडे ठेवतात.

प्रेषक: अनंत
मूर्तीला स्पर्श नको, नैवेद्य नको, एवढं मी म्हणेन. दर्शनाला दार लावावं असं मला वाटत नाही. पुजारीबुवांना विचारा.

प्रेषक: सुनीता
बुवा म्हणाले, पडदा लावू, दार उघडं राहू दे. विलासभाऊंना पटलेलं नाही. माझ्या सासूबाईंना साखरेच्या गोळ्यांमुळे उपाशी राहता येत नाही. अशक्त माणसांसाठी पंचांगात उशिराची वेळ असते, ती पाहून मी फळ्यावर खाली बारीक अक्षरात लिहिते.