मदत हवी आहे: जुने लूम डब्ल्यूडीव्हीपेक्षा जास्तीला विकले, टॅक्स लागतो का?

टॉवेलवाला_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. आठ जुने पॉवरलूम डिसेंबर 2024 ला विकले, 5,60,000 आले. घेतले तेव्हा 11 लाखाला पडले होते. 1 एप्रिल 2024 ला बुकात लूमची डब्ल्यूडीव्ही, म्हणजे घसारा जाऊन उरलेली किंमत, 3,80,000 आहे. अकाउंटंट म्हणतो 1,80,000 वर टॅक्स भरा. अहो पण घेतल्यापेक्षा निम्म्याला विकलेत, फायदा कसला झाला? आता तर शेडमध्ये नुसते नटबोल्टचे खड्डे उरलेत.

चादर_किंग:
खरेदीपेक्षा कमीला विकलं ना, मग टॅक्स नाही. सरळ हिशोब आहे.

कर_कट्टा:
चादर_किंग, असं नसतं. घसारा घेऊन घेऊन इतकी वर्षं टॅक्स वाचवला तेव्हा खरेदीची किंमत संपत आली, आता डब्ल्यूडीव्हीच धरतात. पूर्वी याला बॅलन्सिंग चार्ज म्हणायचे आणि तो धंद्याच्या उत्पन्नात जायचा, डिसेंबर 2024 च्या विक्रीला 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 50 खाली शॉर्ट टर्म कॅपिटल गेन धरतात, लूम वीस वर्षं वापरले असले तरी. त्यावर स्लॅबचाच रेट, शेअर्सचा नाही. बुकात नफा दाखवला असेल तर तो धंद्याच्या उत्पन्नातून वजा करा नाहीतर दोनदा टॅक्स बसेल, हे मी बऱ्याच रिटर्नमध्ये बघितलंय.

होटगीकर:
मी पण मागच्या वर्षी गाडी विकली, धंद्याच्या नावावर होती, मला कुणी काही विचारलं नाही बघा.

कर_कट्टा:
तुमच्या गाडीवरून बरं आठवलं. टॉवेलवाला, कारखान्याचा टेम्पो वगैरे काही आहे का? लूम आणि स्वतःच्या वापराचं वाहन, दोन्हीचा घसारा 15 टक्के असेल तर ब्लॉक एकच, म्हणजे एका दराच्या सगळ्या मशीन-वाहनांचा हिशोब एकत्र, अकाउंटंटनी वेगवेगळ्या ओळी केल्या तरी.

टॉवेलवाला_सोलापूर:
आहे की! टेम्पोची डब्ल्यूडीव्ही 1,10,000 आहे, भाड्यानं देत नाही.

कर_कट्टा:
मग ब्लॉक 4,90,000 चा. 5,60,000 वजा केले की गेन 70,000 च, 1,80,000 नाही. पण यंदा ब्लॉक शून्य, म्हणजे टेम्पोवर पण घसारा नाही आणि पुढच्या वर्षी पण नाही. 31 मार्चच्या आत त्याच ब्लॉकमधलं मशीन घेतलं तर त्याची किंमत पण ब्लॉकमध्ये मिळवतात. समजा वाइंडिंग मशीन 1,50,000 चं, तर 80,000 उरतात, गेन शून्य, आणि 180 दिवसांपेक्षा कमी वापर म्हणून अर्धा घसारा, 6,000.

टॉवेलवाला_सोलापूर:
वाइंडिंग मशीन तसंही घ्यायचंच होतं. पण वायरमन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो म्हणतोय, मशीन शेडमध्ये आलं पण चालूच झालं नाही तर?

कर_कट्टा:
घसारा चालू झाल्यावरच. गेनमधून वजा व्हायला मशीन नुसतं घेतलं तरी पुरतं असं मी धरतो, पण अधिकारी वाद घालू शकतो. वायरमनला जरा लवकर बोलवा, आणि नुसता अ‍ॅडव्हान्स देऊन ठेवू नका, तो चालणार नाही.

चादर_किंग:
आमचं जुनं बॉयलर पण बघायला लागतंय आता.