खाजेची गोळी झोपेसाठी घेतल्यावर आई दुपारपर्यंत गुंगीत – काय करावं?

साखरपेठकर:
आई ७४ वर्षांची. यंदा उन्हाळ्यात अंगाला खाज सुटली म्हणून डॉक्टरांनी हायड्रॉक्झिझिन २५ मिलिग्रॅम लिहून दिली होती, पाच दिवस, रात्री एक. खाज गेली, पण त्या गोळीनं झोप छान लागते म्हणून आईनं ती सोडलीच नाही. दुकानातून परत परत आणली. आज अठरा दिवस झाले. रात्री दहाला घेते. पहिले तीन-चार दिवस सकाळी सहाला उठून अंगण झाडायची. आता नऊला उठवावं लागतं आणि बारापर्यंत झोकांड्या जातात. परवा तवा तापत ठेवून देवघरात जाऊन बसली. काल मला "तुझे बाबा कामावरून आले का" विचारलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. संध्याकाळी मात्र बरीच ठीक असते.

गंमत म्हणजे भाच्याला, वय चार, मागं हेच औषध सिरपमध्ये दिलं होतं. तो सकाळी ठणठणीत. मग आईलाच का? आणि आता झोपही पहिल्यासारखी लागत नाही म्हणते, दोन घेऊ का विचारते. सोलापुरात यासाठी कुणाला दाखवावं, मेंदूच्या डॉक्टरांना का?

जुळेसोलापूर_७२:
दोन अजिबात देऊ नका. आमच्या वडिलांचं ऐका. सर्दीची साधी गोळी घेतली आणि रात्री लघवीच अडली. प्रोस्टेट आधीपासून होतं. पोट फुगलं, रात्री दोनला नळी घालावी लागली. त्या सर्दीच्या गोळीतही हाच प्रकार असतो म्हणाले.

दक्षिणकसबा:
हे असं होतंच वयात. माझ्या सासूबाईंना झोपेच्या गोळीची सवय लागली ती सुटता सुटेना. एकदम बंद केली तर फिट येते म्हणतात. आधी हळूहळू कमी करा.

साखरपेठकर:
@दक्षिणकसबा, ताई, ही झोपेची गोळी नाही, खाजेची आहे.

जुना_कंपाउंडर:
३१ वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात काढली, त्यावर सांगतो. भाच्याचा प्रश्न बरोबर जागी लागलाय.

औषध अंगातून निम्मं कमी व्हायला किती वेळ लागतो, तिथंच सगळं आहे. हायड्रॉक्झिझिनला लहान मुलात साधारण ७ तास, तरुणात २० आणि म्हाताऱ्या माणसात २९ लागतात. लिव्हर मंदावतं, अंगात चरबीचं प्रमाण वाढतं आणि हे औषध चरबीत मुरणारं आहे. तुमच्या भाच्यानं रात्री घेतलेलं सकाळपर्यंत निम्म्याहून खाली आलेलं असतं. आईंचं बघा: पहिल्या रात्री दहाला एक गोळी. सकाळी सातला तिचा जवळजवळ ८० टक्के भाग अंगातच. दुसऱ्या रात्री दहाला अर्ध्याहून थोडी जास्त शिल्लक, त्यावर नवी गोळी. म्हणजे दीड झाली. असं चढत चढत आठवड्याभरात रात्री गोळी घेण्याआधीच सव्वा गोळी शिल्लक असते, आणि घेतल्यावर सव्वादोनच्या पुढं जातं. त्या रोज एकच घेतायत, पण अंग दोनचं ओझं वाहतंय. म्हणून पहिले तीन-चार दिवस बरे गेले.

झोप कमी लागते ते वेगळं. मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामिन ही गोळी अडवते. काही दिवसांत मेंदूला त्याची सवय होते आणि झोप आणणारा असर ओसरतो. पण औषध साचलेलंच असतं. दुसरी गोळी घेतली तर फायदा थोडा, साठा दुप्पट.

आता एक विचारतो. आई आणखी कोणत्या गोळ्या घेतात? सगळ्या पट्ट्या समोर ठेवून नावं टाका.

रेल्वेलाईनवाला:
मी फार शिकलेलो नाही, पण सेट्रिझिन द्या की. ती नवीन, डोक्यात जात नाही. झोपही येत नाही, गुंगीही नाही.

जुना_कंपाउंडर:
@रेल्वेलाईनवाला, अर्धं बरोबर. हायड्रॉक्झिझिनचंच अंगात सेट्रिझिन होतं, त्यामुळं नातं आहेच. ती डोक्यात कमी जाते, पण अजिबात नाही असं नव्हे. ती किडनीतून बाहेर पडते, म्हणून म्हातारपणी किडनी मंद असेल तर सेट्रिझिनही साचते. खाज असेल तर डॉक्टर देतील. झोपेसाठी मात्र कुठलीच नको.

साखरपेठकर:
पट्ट्या बघितल्या. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन. आणि दोन महिन्यांपासून लघवी वारंवार लागते म्हणून ऑक्सिब्युटिनिन, दिवसातून दोनदा. ती वेगळ्या डॉक्टरांनी दिली आहे. खाजेच्या डॉक्टरांना त्याची कल्पना नव्हती, आम्हीच सांगितलं नाही.

जुना_कंपाउंडर:
हेच शोधत होतो. ऑक्सिब्युटिनिन लघवीची पिशवी सैल ठेवते ती अ‍ॅसिटिलकोलीन अडवून. तेच रसायन मेंदूत लक्ष आणि आठवण धरून ठेवतं, आणि म्हातारपणी त्याचा साठा आधीच तोकडा असतो. हायड्रॉक्झिझिनही ते अडवते, जरा सौम्यपणे. याच जातीची डायफेनहायड्रामिन याहून जास्त. एकटी गोळी निभावली असती, दोन्ही मिळून जड झालं असावं. तोंड कोरडं, बद्धकोष्ठ आहे का विचारा. असेल तर संशय पक्का. अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या बिअर्स यादीत या जुन्या जातीच्या गोळ्या ज्येष्ठांना टाळाव्यात असं लिहिलेलं आहे, ते उगाच नाही.

घरी एक करून बघा. आईंना वार उलटे म्हणायला सांगा: रवि, शनि, शुक्र... मधेच विसरल्या, भलतीकडे गेल्या, पण संध्याकाळी नीट म्हणाल्या, तर लक्ष डळमळतंय. विसरभोळेपणा महिन्यांनी वाढतो, हे दिवसांत आलंय आणि वरखाली होतंय.

पण घरीच निकाल लावू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पडून डोक्याला लागलेलं, यातही असंच दिसतं. ताप, पडझड, आठ-दहा तास लघवी नाही, किंवा हलवूनही जागं होत नाही, तर गोळीचा असर उतरायची वाट न बघता रुग्णालय गाठा. नाहीतर आधी नेहमीच्या फिजिशियनकडे, सगळ्या पट्ट्या घेऊन. मेंदूचे डॉक्टर नंतर.

दक्षिणकसबा:
मग बंद केल्यावर फिट वगैरे?

जुना_कंपाउंडर:
ताई, तो धोका अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा. इथं फार तर दोन-चार रात्री झोप चाळवेल, खाज परत येईल. पण दुसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून घाबरू नका. हिशेब तोच, सगळं निघायला सहा-सात दिवस लागतात.

साखरपेठकर (नऊ दिवसांनी):
काल वार उलटे विचारले, आईनं गुरुवारवर येऊन "हे काय पोरखेळ लावलंस" म्हटलं आणि पूर्ण केले. हायड्रॉक्झिझिन डॉक्टरांनी लगेच बंद केली. तोंड कोरडं होतं, बद्धकोष्ठही, मला कधी सांगितलंच नव्हतं. पाचव्या दिवसापासून सातला उठायला लागली. रक्तात सोडियमही जरा खाली आलं, त्यावर पुन्हा तपासणी आहे, म्हणजे गुंगी कशाची किती ते अजून सांगता येत नाही म्हणाले. ऑक्सिब्युटिनिन कमी करायची का, हे लघवीच्या डॉक्टरांना विचारायचंय, पण ती कमी केली तर रात्री चार वेळा उठणार, आणि अंधारात उठणं म्हणजे पडण्याची भीती. कुणाच्या घरी हा पेच सुटलाय का?

खाजेला डॉक्टरांनी आंघोळीनंतर ओल्या अंगाला खोबरेल तेल सांगितलंय. तेवढं चाललंय. दुपारची दोन तासांची झोप सोडायला मात्र तयार नाही.

जुळेसोलापूर_७२:
आमच्याकडे बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा लावून ठेवतो आणि संध्याकाळी सहानंतर चहा बंद केलाय. वडील अजून दोनदा उठतात.