योगायोग नियतीसारखा कधी वाटतो आणि लेखकाची पळवाट कधी?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)
मी एक लघुकादंबरी लिहिते आहे. नायिका जुन्या कागदपत्रांची दुरुस्ती करते. ती 9 वर्षांची असताना तिचे वडील घर सोडून गेले. शेवटच्या प्रकरणात, दुरुस्तीसाठी आलेल्या एका गठ्ठ्यात तिला त्यांच्याच हातचे पत्र सापडते आणि ते का गेले हे तिला कळते. हस्तलिखित तिघांनी वाचले. दोघे म्हणाले, "हे फारच सोयीचे झाले." तिसरीला मात्र तोच प्रसंग अटळ वाटला. एकाच योगायोगाबद्दल इतका मतभेद का व्हावा, आणि तो पळवाट वाटू नये म्हणून नेमके काय करावे?

सरळरेषा
यात मतभेदाला फारशी जागा नाही. पात्राला अडचणीत टाकणारा योगायोग वाचक पचवतो, पण अडचणीतून सोडवणारा पचवत नाही. कथेच्या आरंभी दोन अनोळखी माणसांच्या पेट्यांची अदलाबदल झाली तर कोणी तक्रार करत नाही, कारण तेथून कथा सुरू होते. शेवटी तीच अदलाबदल होऊन नायक तुरुंगातून सुटला, तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. तुमचे पत्र नायिकेचा प्रश्न सोडवते आणि तेही शेवटच्या प्रकरणात. ते पहिल्या प्रकरणात न्या, म्हणजे काम झाले.

जुना प्रेक्षक
सरळरेषा यांचा नियम नवशिक्याला उपयोगी पडतो, परंतु तो योगायोगाची जागा मोजतो, त्याचा परिणाम नाही. सॉफोक्लिसच्या 'इडिपस' नाटकात सर्वांत मोठे योगायोग उत्तरार्धातच येतात आणि गुंता सोडवण्याचे काम करतात. तरीही ते नियतीचे नाटक म्हणूनच ओळखले जाते. हे कसे साधले आहे ते जवळून पाहू.

थीब्जचा राजा इडिपस आधीच्या राजाच्या, म्हणजे लायसच्या, मारेकऱ्याचा शोध घेत आहे. लायस तीन रस्ते मिळतात तेथे मारला गेला, हे राणी जोकास्टाच्या तोंडून ऐकल्यावर त्याला शंका येते की मारेकरी आपणच असू. त्या हल्ल्यातून एकच सेवक वाचला होता आणि त्याने लुटारू अनेक असल्याचे सांगितले होते. मारेकरी एक होता की अनेक, एवढेच विचारण्यासाठी इडिपस त्या सेवकाला रानातून बोलावणे पाठवतो. हा माणूस रानात का आहे, याचेही कारण नाटकात आहे: इडिपसला गादीवर पाहताच त्याने राणीचे हात धरून, मला शहराच्या नजरेआड पाठवा, अशी विनवणी केली होती. राणीला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते.

तो येण्यापूर्वी राणी हार आणि धूप घेऊन अपोलोच्या वेदीपुढे उभी राहते आणि या घोरातून सुटका कर म्हणून विनवते. तिची प्रार्थना संपते आणि कॉरिंथहून एक म्हातारा निरोप्या दाखल होतो. इडिपस ज्यांना वडील समजतो तो राजा वारला आहे, आणि बक्षिसाच्या आशेने हा म्हातारा ती बातमी घेऊन धावत आला आहे. तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, असे भाकीत इडिपसला पूर्वी झालेले असते; त्यातील आईविषयीच्या भागाची त्याला अजून धास्ती वाटते हे पाहून म्हातारा भाबडेपणाने धीर देतो: ती तुझी आई नव्हेच, तुला तान्हेपणी किथेरॉनच्या डोंगरावर एका थीबन मेंढपाळाकडून मीच घेतले होते. हा मेंढपाळ कोण, असे विचारताच लोक म्हणतात, ज्याला तू आधीच बोलावले आहेस तोच असावा.

मूल घेणारा तोच निरोप्या, आणि मूल देणारा मेंढपाळ तोच साक्षीदार. एवढे योगायोग आपल्यापैकी कोणी लिहिले असते तर संपादकाने हस्तलिखित परत पाठवले असते. येथे मात्र साक्षीदार एका कामासाठी निघालेला आहे आणि पोहोचेपर्यंत त्याच्याकडून दुसरेच उत्तर मागितले जाते. निरोप्या भीती घालवायला येतो आणि नेमकी तीच भीती खरी करतो. योगायोग येतो तो सुखाच्या बातमीचे रूप घेऊन, आणि दार उघडून देणारा माणूस स्वतः इडिपसच असतो.

उलटतपासणी
जुना प्रेक्षक यांनी प्रसंग उत्तम मांडला, पण निष्कर्ष मला पटत नाही. इडिपसची कथा अथेन्सच्या प्रेक्षकाला नाटकापूर्वीच माहीत होती. शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक योगायोग नियतीसारखाच दिसणार. त्यात नाटककाराची करामत किती आणि पूर्वज्ञानाची किती? आजच्या कादंबरीच्या वाचकाजवळ ते पूर्वज्ञान नसते. शिवाय त्या नाटकातही एक भगदाड आहेच. आधीचा राजा कसा मेला याची चौकशी इडिपसने इतकी वर्षे केलीच नाही, यावर कोण विश्वास ठेवील? अ‍ॅरिस्टॉटलला हे दिसले होते; ती विसंगती नाटकात घडत नाही, नाटकाबाहेर आहे, म्हणून खपते, असे त्याने म्हटले. मला हे वकिली उत्तर वाटते. योगायोग हा योगायोगच असतो. थोर लेखक तो लपवतो आणि सामान्य लेखकाला लपवता येत नाही.

सहज आलो
प्रत्यक्ष आयुष्यात योगायोग किती घडतात हे लोक विसरतात. एका खोलीत 23 माणसे असतील तर त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. माझे स्वतःचे उदाहरण सांगतो. शाळेत असताना हरवलेले, माझ्या सहीचे पुस्तक मला 20 वर्षांनी दुसऱ्याच शहरातील जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडले. असे खरोखर घडते, तेव्हा धागाकर्तीने बिनधास्त लिहावे.

उलटतपासणी
सहज आलो, घडते की नाही हा प्रश्नच नव्हता. तुमच्या बाबतीत ते पुस्तक त्या ढिगात कोणी मुद्दाम ठेवले नव्हते, म्हणून तुम्ही थक्क झालात. कथेत ते लेखकच ठेवतो आणि वाचकाला हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. खऱ्या योगायोगाचे आश्चर्य कथेत आयते मिळत नाही.

सहज आलो
मान्य. तरी ते पुस्तक सापडले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ज्याने ते नेले असावे असा माझा संशय होता ती व्यक्ती. आनंद नंतर झाला. हे येथे उपयोगी आहे की नाही, मला सांगता येत नाही.

जुना प्रेक्षक
मला वाटते, उपयोगी आहे. मिटिस नावाच्या माणसाचा आर्गोसमध्ये पुतळा होता आणि मिटिसचा खुनी तो पाहत असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला, हे उदाहरण अ‍ॅरिस्टॉटलनेच दिले आहे. पुतळे पडतात, त्यांत विशेष काही नाही. तो या माणसावर पडला म्हणून ऐकणारा दचकतो. घटना कशी घडली याचे कारण मिळत नाही, पण ती या माणसाच्या वाट्याला का आली याचा अर्थ लागतो. 'सहज आलो' यांच्या पुस्तकाला जुना संशय चिकटलेला होता म्हणून ते निव्वळ पुस्तक राहिले नाही.

उलटतपासणी यांचा पूर्वज्ञानाचा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. परंतु पूर्वज्ञान हे परंपरेनेच दिले पाहिजे असे नाही. लेखक ते कथेतच देऊ शकतो.

अंगुलीयक
ते कसे देता येते हे पाहायचे असेल तर 'शाकुंतल' आहे. महाभारतातील मूळ कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तेथे राजा जाणूनबुजून नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने आकाशवाणीच्या जागी एक मासा आणला. माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडणे हा आकाशवाणीइतकाच अशक्य प्रकार आहे, तरी आपण तो हसत स्वीकारतो.

चौथ्या अंकात दुर्वासांचा शाप होतो आणि ओळखीचा दागिना दिसला की तो उतरेल असा उःशापही मिळतो, म्हणजे अंगठी काय करणार हे आपल्याला तेव्हाच कळते. पाचव्या अंकात शकुंतला अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामे निघते. शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना ती निसटली असावी, असे गौतमी म्हणते. सहाव्या अंकाच्या आरंभी रक्षकांनी पकडलेला धीवर, मी शक्रावताराचा राहणारा, असे सांगतो, तेव्हा शचीतीर्थ त्याच ठिकाणचे असल्याचे आपण ऐकलेले असते. त्यामुळे "कुठून आली?" असे न वाटता "आली एकदाची!" असे वाटते.

आणि सरळरेषा यांच्यासाठी: अंगठी सापडल्याने राजाची अडचण सुटत नाही. त्याला सारे आठवते ते शकुंतला निघून गेल्यावर. विस्मरणात तो निदान स्वस्थ तरी होता.

सरळरेषा
हे उदाहरण माझ्या नियमाला अपवाद नसून पुरावाच आहे. तुम्हीच म्हणता की अंगठीने दुःख वाढवले, म्हणजे तो अडचणीत टाकणारा योगायोग ठरला. मात्र "पहिल्या प्रकरणात न्या" हे मी घाईने लिहिले, ते मागे घेतो. जागेपेक्षा तो काय करतो हे महत्त्वाचे.

पाटीपेन्सिल
सर्वांचे वाचून हस्तलिखित पुन्हा उघडले. गठ्ठा नायिकेच्या टेबलावर "आला" असे मी लिहिले आहे, आणि तो का आला याविषयी एक ओळही नाही. खरे तर अशा कामात गठ्ठे आपोआप येत नाहीत. कोणी नाकारतो, कोणी मागून घेतो. माझ्या टिपणांत असे आहे की वडील ज्या गावी नोकरीला होते तेथील कागद ती वर्षानुवर्षे मुद्दाम मागून घेते आणि सहकाऱ्यांना याचे कारण ठाऊक नाही. हे मी अति स्पष्ट होईल म्हणून गाळले होते. तिसऱ्या वाचक मैत्रिणीने ती टिपणे पाहिली होती, हे आता लक्षात येते.

दुसरे असे की कागद ओला करण्यापूर्वी शाई पाण्यात विरघळते का, हे पाहावे लागते. एखाद्या अक्षराच्या कडेला थेंबभर पाणी लावून वर टिपकागद दाबायचा आणि त्यावर डाग उमटतो का ते पाहायचे. ही तिची रोजची सवय आहे. तिने अक्षर ओळखण्यापूर्वीच थेंब ठेवला आणि शाई फुटली, असे केले तर?

जुना प्रेक्षक
तर पत्र मिळेल, पण तिच्या स्वतःच्या हाताने थोडे पुसलेले मिळेल. मी असतो तर हेच ठेवले असते. मात्र वडिलांच्या जाण्याचे कारण त्या पत्रातून पूर्ण वाचता येऊ देऊ नका. आणि गठ्ठे मागून घेण्याची सवय दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात, दुसऱ्याच काही कामाच्या ओघात येऊ द्या. पत्राच्या आदल्या पानावर आली तर ती पेरणी न वाटता सारवासारव वाटेल.

उलटतपासणी
ती 15 वर्षे त्याच गावचे कागद मागून घेत असेल, तर पत्र सापडणे हा योगायोगच उरत नाही. तो चिकाटीचा परिणाम झाला. मग येथे नियती कोठे आहे? तुम्ही सर्वांनी मिळून योगायोग सुधारला नाही, काढून टाकला आहे.

अंगुलीयक
पूर्ण काढलेला नाही. कागद मागवणे तिच्या हाती होते, त्यात ते एक पत्र असणे नव्हते. पण तुमचा आक्षेप मला अर्धा पटतो, आणि उरलेल्या अर्ध्याचे काय करावे हे आज सुचत नाही.

पाटीपेन्सिल
मी दोन्ही खर्डे लिहून पाहते. या वेळी टिपणे न पाहिलेल्या वाचकांकडेच देईन.