शब्दचर्चा : वाढदिवसाच्या एका वाक्यात क्रियापद कुठलं?

मोहर : माझे मामा देवरुखजवळ राहतात. वय 74, बोलणं मोजकं. गेल्या वर्षी त्यांना चार ओळींच्या शुभेच्छा पाठवल्या, उत्तर आलं, "मिळाल्या." त्याआधी एकदा मी नुसतं "कलमं धरली का?" विचारलं होतं, तर उत्तरात त्यांनी दोन पूर्ण वाक्यं लिहिली. या वर्षी एकच वाक्य पाठवायचं आहे, पण ते उरकून टाकल्यासारखं वाटायला नको. "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" हे वाक्य म्हणता येईल का?

पागोळी : व्याकरणाने ते वाक्य नाही, त्यात क्रियापद नाही. रूढ आहे, चूक नाही. पण कोणी कोणासाठी काय मागितलं, हे त्यात कुठेच येत नाही.

रानवाट : मग "जीवेत शरदः शतम्" लिहा. तीन शब्दांत काम होतं आणि ज्येष्ठांना आवडतंही.

पागोळी : आवडतं खरं, पण त्याचं रूप पाहून घ्या. "जीवेत्", म्हणजे त हलन्त, याचा अर्थ "तो जगो". हलन्त सोडून "जीवेत" लिहिलं तर ते "तुम्ही सगळे जगा" असं अनेकवचन होतं. समोरच्या एकालाच म्हणायचं तर वेदात "शतं जीव शरदो वर्धमानः" आहे, "वाढत वाढत शंभर शरद जग". मला हे जास्त जवळचं वाटतं, कारण त्यातलं "जीव" थेट त्या माणसाशी बोलतं. पण मामांशी तुम्ही संस्कृतात बोलत नसाल, तर मराठीच बरं.

मराठीत यासाठी -ओ हे रूप आहे: लाभो, राहो, येवो. वाक्य -ओने संपलं की ती शुभेच्छा आहे हे आपोआप कळतं, "शुभेच्छा" हा शब्द वेगळा लिहावा लागत नाही. अनेकवचनात -ओत हवं. "सर्व इच्छा पूर्ण होवो" सर्रास दिसतं, तिथे "होवोत" पाहिजे. लांब मजकुरात अशी चूक लपते, पण एकाच वाक्यात डोळ्यांत खुपते.

रानवाट : "आरोग्य, सुख आणि समृद्धी लाभो" यात लाभो की लाभोत?

पागोळी : मी "लाभोत" लिहितो. शेवटच्या नामाप्रमाणे एकवचन ठेवणारेही चांगले लिहिणारे आहेत, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

तारघर : मी तार खात्यात होतो. तारेला शब्दांवर पैसे पडत, म्हणून शुभेच्छांची ठरलेली वाक्यं क्रमांकाने मिळत. क्रमांक सांगितला की पलीकडे पूर्ण वाक्य छापलं जाई. सगळ्यांना तेच वाक्य जाई, तरी लोक तारा जपून ठेवत, कारण कोणीतरी पोस्टात रांगेत उभं राहिलं होतं, हे त्यांना ठाऊक असे. 2013 च्या जुलैत तार बंद झाली. आता पाठवायला कष्टच नाहीत, म्हणून आपण त्या माणसाचा विचार केला हे वाक्यातूनच दिसायला हवं.

सह्याद्रीकर : आमच्या साहेबांच्या वाढदिवसाला बॅनरवर एक ओळ हवी आहे. "अभिष्टचिंतन सोहळा" बरोबर ना?

पागोळी : अभीष्टचिंतन, भी दीर्घ: अभि अधिक इष्ट. बॅनरची ओळ येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी असते, मोहर यांना एका माणसासाठी हवी आहे. त्यासाठी वेगळा धागा काढाल का?

मोहर : माझा प्रयत्न: "मामा, तुम्हाला उत्तम आरोग्य आणि दीर्घायुष्य लाभो."

पागोळी : शुद्ध आहे. पण "मामा" काढून "काका" घातलं तर काही बदलतं का? नाही ना? मग वाक्य अजून त्यांचं झालेलं नाही. सध्या त्यांचं काय चाललं आहे?

मोहर : पावसाळ्यात हापूसची सहा नवी कलमं लावली. रोज एकदा जाऊन बघतात.

पागोळी : मग तेच घ्या, आणि आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला कोकणात घळ म्हणतात, तीही घ्या. "मामा, नव्या कलमांचा पहिला आंबा तुमच्याच घळीत उतरो." कलमाला चांगलं फळ धरायला चार-पाच वर्षं जातात, हे त्यांना सांगावं लागणार नाही. दीर्घायुष्य हा शब्द न वापरता तेच मागितलं जातं. शेवटी पूर्णविराम द्या, फुलं आणि केक लावू नका. लावले तर नजर आधी तिकडे जाते.

रानवाट : पण 74 व्या वर्षी "पहिला आंबा" म्हणजे आपणच पाच वर्षांची मर्यादा घातल्यासारखं होतं. मी माझ्या मामांना असं लिहिणार नाही.

तारघर : ज्याने या वयात कलमं लावली, त्याने तो हिशेब आधीच केलेला असतो.

रानवाट : तो त्याने करावा, भाच्यांनी नाही. "यंदाही मोहर वेळेवर येवो" पुरे.

मोहर : "यंदाही" सुरक्षित आहे, पण ते जुन्या झाडांबद्दल होतं, मामांचा जीव नव्या सहांत आहे. मी "पहिला"च काढते: "मामा, नव्या सहाही कलमांचे आंबे तुमच्याच घळीत उतरोत." ओत बरोबर ना?

पागोळी : बरोबर. आंबे, उतरोत.

रानवाट : हे मीही पाठवलं असतं.

मोहर : सकाळी सहाला पाठवलं, तेव्हा ते बागेत असतात. साडेसातला उत्तर आलं: "पाच. एक वाळलं. बाकीची बघायला ये."