मदत हवी आहे : पंपाच्या डिस्प्लेच्या फोटोत लिटर × दर = रक्कम जुळत नाही

हिशेबवही
आमच्या गाड्यांचे ड्रायव्हर इंधन भरल्यावर पंपाच्या डिस्प्लेचा फोटो पाठवतात आणि मी आकडे शीटमध्ये उतरवतो. लिटरला दराने गुणून रकमेशी ताडून पाहायला सुरुवात केली, तर जवळजवळ प्रत्येक फोटोत थोडा फरक निघतो. एका फोटोत ४.७६ लिटर, दर १०४.९५, रक्कम ५००.००. गुणाकार ४९९.५६ येतो. दुसऱ्यात दर आणि रक्कम तीच, पण लिटर ४.७७, म्हणजे गुणाकार ५००.६१. किती फरक सोडून द्यायचा आणि कुठे ड्रायव्हरला विचारायचं?

गाडीवान७
पेट्रोल कमी देतात हो सगळीकडे. माझी गाडी हल्ली ॲव्हरेजच देत नाही.

हिशेबवही
कमी दिलं असं मी म्हणतच नाहीये. फोटोतले आकडे आपसात का जुळत नाहीत, एवढंच विचारतोय.

टक्केवारी
राउंडिंग आहे, दुसरं काही नाही. रकमेच्या ०.२ टक्के फरक चालवून घ्या, शीटमध्ये तेवढी अट घाला.

नोझलमागे
राउंडिंग बरोबर, टक्केवारी चूक. पंपाच्या आत लिटर जास्त बारीक मोजले जातात, तुमचा डिस्प्ले दोनच दशांश दाखवतो. ५०० भागिले १०४.९५ केलं तर ४.७६४२ येतं, ते ४.७६ दिसतं. या लपलेल्या भागाची कमाल ०.००५ लिटर, म्हणून फरकाची कमाल दराच्या ०.००५ पट, इथे साधारण ०.५२. टाकी लहान असो की मोठी, ही मर्यादा तीच राहते. २००० चं भरलं तर १९.०६ दिसेल आणि गुणाकार २०००.३५ येईल, म्हणजे फरक रकमेच्या वरच्या बाजूलाही जातो. ०.२ टक्के धरले तर २००० ला ४ चा फरक निमूट पास होईल आणि १०० च्या बिलात उगाच आरडाओरडा होईल.

B मध्ये लिटर, C मध्ये दर, D मध्ये रक्कम असेल तर:

```
=ABS(B2*C2-D2)<=C2*0.005+0.005
```

शेवटचा ०.००५ रकमेच्या स्वतःच्या राउंडिंगसाठी.

हिशेबवही
४.७६ वाला पास झाला. ४.७७ वाला नापास, फरक ०.६१. एक जुना फोटो तर फारच बाहेर गेला: २.६६ लिटर, दर तोच, रक्कम ३००. फरक २०.८३.

नोझलमागे
जुन्याचं सोपं आहे. फरकाला दराने भागा: ०.१९८, म्हणजे जवळजवळ ०.२० लिटर. दशांशानंतरचा पहिला अंक दोनने कमी वाचला गेलाय, ६ च्या जागी ८ हवा. २.८६ घेऊन बघा, ३००.१६ येतं. ८ ची वरची उजवी पट्टी दिसली नाही की ६ उरतो. एलईडीचे अंक आळीपाळीने पेटतात, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेरा झटकन उघडून मिटला तर एखादा भाग काळा येतो. एलसीडी असेल तर चकाकी किंवा मेलेली पट्टी.

हिशेबवही
मूळ फोटो मोठा करून पाहिला, ८ च आहे. पुसटशी पट्टी दिसते. ४.७७ चं काय?

नोझलमागे
तिथे माझा संशय दरावर. ९ ला खालची डावी पट्टी मिळाली की ८ होतो. दर १०४.८५ धरला तर ४.७७ चा गुणाकार ५००.१३ येतो, चोख बसतं.

हिशेबवही
त्याच पंपावरचा दुसऱ्या गाडीचा फोटो आहे: ९.५३ लिटर, १०००. तो १०४.९५ लाच बसतो. पण तो दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे.

नोझलमागे
मग मध्ये दर बदलला असू शकतो, त्यावरून काही ठरत नाही. दुसरी शक्यता म्हणजे, रक्कम ठरवून भरताना व्हॉल्व्ह मिटता मिटता थेंबभर जास्त गेलं आणि पंपाने रक्कम ५०० वरच धरून ठेवली. पावती असेल तर तिच्यावरचा दर बघा.

टक्केवारी
मान्य, टक्केवारीचं मागे घेतो. पण जुळलं म्हणजे माप बरोबर, एवढं तरी म्हणता येईल ना?

नोझलमागे
नाही. रक्कम पंपच त्याच लिटरवरून काढतो. मोजणीच चुकीची असेल तर चुकीचे लिटर गुणिले दर अगदी बरोबर जुळेल. मापाची खात्री हवी तर नोझलमधून प्रमाणित मापात पाच लिटर काढून पातळी बघायची. फोटोचा गुणाकार आकडे नीट वाचले का, मधला एखादा कोणी बदलला का, एवढंच सांगतो. तेही भरणं थांबल्यावरचा फोटो असेल तर. चालू असताना काढला तर शेवटचा अंक बदलताना पकडला जातो.

हिशेबवही
पावती ड्रायव्हरने टाकून दिली. ४.७७ च्या ओळीला पिवळा रंग देऊन ठेवतो. कोणाच्या पंपावर लिटरचे तीन दशांश दिसतात का? तिथे ०.००५ ऐवजी ०.०००५ धरायचं, बरोबर?

गाडीवान७
आमच्याकडे तीन दिसतात. पण ॲव्हरेजचं कोणी सांगेल का?