रजा नव्हे, दिवस मोजा

> सहा जणांचं ऑफिस आहे. एका दिवशी दोघांपेक्षा जास्त रजेवर नकोत, पण तारखा एकमेकांत आल्या की हिशोब चुकतो. शीटमध्ये कसं बसवायचं?

एकमेकांवर येणाऱ्या रजा मोजल्या तर हमखास फसाल. समजा एकाची रजा सोम-मंगळ, दुसऱ्याची गुरू-शुक्र आणि तिसरा मंगळ ते गुरू मागतोय. त्याची रजा दोघांच्याही रजेला भिडते, म्हणून 'तिघे झाले' वाटतं आणि नकार जातो. प्रत्यक्षात मंगळवारी दोन, बुधवारी एक, गुरुवारी दोन. रजा द्यायला हवी!

म्हणून B मध्ये 'पासून', C मध्ये 'पर्यंत' लिहा. E मध्ये कामाचे दिवस ओळीने उतरवा आणि F2 मध्ये हे सूत्र घालून खाली ओढा:

```
=COUNTIFS($B$2:$B$200,"<="&E2,$C$2:$C$200,">="&E2)
```

F मध्ये 2 पेक्षा जास्त आकडा आला की कंडिशनल फॉरमॅटिंगने तो लाल करा. मंजुरी बाकी असलेले अर्जही यादीत लगेच चढवा, नाहीतर दोघांना एकाच जागेचा शब्द दिला जातो.

एक दिवसाच्या रजेला 'पर्यंत' रिकामं सोडू नका, तीच तारीख पुन्हा लिहा. रिकामी असेल तर ती रजा मोजलीच जात नाही, आणि शीट बिनधास्त 'जागा आहे' दाखवतं.